चेहरा कोणत्या चित्रातून घ्यावा?

सहा मित्रांचे छायाचित्र छान आले, पण एकाचे डोळे नेमके मिटलेले! अशा वेळी दुसऱ्या चित्रातील त्याचा उघड्या डोळ्यांचा चेहरा संगणकावर कापून येथे बसवता येतो. मात्र सर्वांत सुंदर चेहरा बसेलच असे नाही. तो निवडण्यापूर्वी चित्राच्या फाइलमध्ये कॅमेऱ्याने स्वतः लिहिलेली नोंद वाचावी. ExifTool या आज्ञावलीला ती अशी विचारता येते :

```
exiftool -Model -DateTimeOriginal -FocalLengthIn35mmFormat ka.jpg
```

समजा, आपले मूळ चित्र ‘क’ आहे. त्याची वेळ १७:४०:१२, भिंगाचे नाभीय अंतर ५० मिमी. ‘ख’ त्याच कॅमेऱ्याचे, त्याच जागेवरून आठ सेकंदांनी घेतलेले. ‘ग’ मोबाइलचे, वेळ १७:४०:५०, नाभीय अंतर २५ मिमी. ही अंतरे ३५ मिमी फिल्मच्या मानाने दिलेली असतात, म्हणून दोन निराळ्या कॅमेऱ्यांची तुलना करता येते.

‘ग’मधला चेहरा मोठा व स्पष्ट आहे. तो घ्यावा काय? थोडे गणित करू. ‘क’मध्ये चेहऱ्याची उंची चित्राच्या कर्णाच्या सुमारे १/१६, तर ‘ग’मध्ये १/४ आहे; म्हणजे चौपट. एकाच जागेवरून २५ मिमीच्या भिंगाने चेहरा उलट निम्मा दिसायला हवा होता. म्हणजेच ‘ग’ आठपट जवळून घेतले आहे. ‘क’ ४ मीटरवरून घेतले असेल, तर ‘ग’ ५० सेंटिमीटरवरून!

नाकाचे टोक कानापेक्षा सुमारे १२ सेंटिमीटर पुढे असते. ४ मीटरवरून कान नाकाच्या मानाने ४००/४१२ पट, म्हणजे ३ टक्के लहान दिसतात. ५० सेंटिमीटरवरून मात्र ५०/६२ पट, म्हणजे १९ टक्के लहान! ‘ग’मधला चेहरा आकसून बसवला, तरी नाक व कान सारखेच आकसतात, हा फरक तसाच राहतो.

आता वेळ पाहू. ‘क’ आणि ‘ग’ यांच्यात ३८ सेकंदांचेच अंतर दिसते, पण ‘क’मध्ये सावल्या अधिक लांब आहेत. अशी विसंगती दिसली की घड्याळांचा संशय घ्यावा. दोन्ही कॅमेऱ्यांनी भिंतीवरच्या एकाच घड्याळाचे चित्र घ्या आणि नोंदी ताडून पाहा. येथे कॅमेरा २० मिनिटे मागे निघाला. तेवढ्यात मावळतीकडचा सूर्य सुमारे ५ अंश खाली येतो आणि चेहऱ्यावरचा प्रकाशही अधिक तांबूस होतो.

म्हणून ‘ख’च घ्यावा. तेथे भिंग, अंतर व प्रकाश तिन्ही जुळतात. मात्र डोके वळलेले आहे काय, हे नोंद सांगत नाही; ते डोळ्यांनीच पाहावे लागते. शिवाय निरोपांच्या अ‍ॅपवरून आलेल्या चित्रातून ही नोंद बहुधा गळून जाते, म्हणून मित्राकडून मूळ फाइलच मागून घ्या.