शुभारंभाचा प्रयोग आणि त्या तीस खुर्च्या

तुमच्या ओळखीतल्या आठ-दहा जणांनी मिळून नवं नाटक बसवलंय. दोन महिने तालमी झाल्या, हॉल मिळाला, आणि आता कुणीतरी तुम्हाला म्हणतं, "तुझं मराठी चांगलं आहे, तेवढी जाहिरात लिहून दे ना." इंदूर, बडोदा किंवा बंगळुरूचं महाराष्ट्र मंडळ असो, नाहीतर पुण्यातला एखादा छोटा ग्रुप, हे काम बहुतेकदा असंच कुणाच्या तरी गळ्यात पडतं. तेव्हा लिहायला बसण्याआधी एक छोटं गणित मांडा.

समजा, हॉल १५० खुर्च्यांचा आहे. भाडं ६,००० रुपये, प्रकाश आणि ध्वनीचे ५,०००, नेपथ्य न्यायला टेम्पो २,५००, छपाई १,५००, रंगभूषा आणि चहापाणी ३,०००. एकूण १८,००० रुपये. तिकीट २०० रुपये ठेवलं तर ९० तिकिटं खपल्यावर खर्च निघतो. ग्रुपमध्ये बारा जण आहेत आणि प्रत्येकाने घरच्यांना, मित्रांना पाच-पाच तिकिटं दिली, तर साठ झाली. उरलेली तीस तिकिटं अशा माणसांनी घ्यायची आहेत, जी तुमच्यापैकी कुणालाच ओळखत नाहीत. तुमची जाहिरात या तिसांसाठी आहे. काकू आणि मावश्या जाहिरात न वाचताही येणार आहेत.

अनोळखी माणसाला दोनच गोष्टी हव्या असतात. नाटक कशाबद्दल आहे, आणि यायचं कसं.

आधी गोष्ट. समजा, नाटक असं आहे: एका गावातली मराठी शाळा. हजेरीपटावर २१ नावं, पण वर्गात बसते एकच मुलगी. पटसंख्या तपासायला साहेब येणार, आणि शाळा बंद होणार हे ठरलेलंच. मग गावातले जुने विद्यार्थी, कुणी रिक्षावाला, कुणी आजी झालेली बाई, बाकांवर येऊन बसतात आणि हजेरी देतात.

पहिल्या झटक्यात बहुतेक जण जाहिरातीत असं लिहितात: 'मराठी शाळांच्या ज्वलंत प्रश्नावर भाष्य करणारं, हसवता हसवता डोळ्यांत पाणी आणणारं, गावाने एकत्र येऊन शाळा कशी वाचवली हे दाखवणारं दोन अंकी नाटक.' यात दोन चुका आहेत. हसू आणि पाणी हा निकाल प्रेक्षकाने द्यायचा असतो, आपण आधीच दिला तर तो कुणी मानत नाही. आणि 'शाळा वाचवली' या शब्दांनी शेवटच फोडला. आता दुसरा अंक बघायला कुणी का थांबावं?

यावर एक सोपा नियम आहे. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत रंगमंचावर जे घडतं, तेवढंच सांगायचं. त्यापुढचं सगळं तिकीट काढणाऱ्याचं. आपल्या नाटकाचा मजकूर मग असा होईल:

'हजेरीपटावर एकवीस नावं. वर्गात एकच मुलगी. निवृत्तीला आठ दिवस राहिलेले गुरुजी रोज एकवीस नावं पुकारतात आणि वीस वेळा गप्प उभे राहतात. उद्या पटपडताळणीला साहेब येणार आहेत. सकाळी गुरुजी पट उघडतात, पहिलं नाव घेतात, आणि मागच्या बाकावरून आवाज येतो, "हजर!" हा आवाज कुणाचा?'

इथे थांबायचं. रिक्षावाल्याचा आणि आजीचा उल्लेखही नको, कारण पडद्यामागून ती माणसं पुढे येतात तो क्षण नाटकाचा आहे. मजकूर झाला की ज्याने नाटक वाचलेलं नाही अशा कुणाला तरी वाचून दाखवा. त्याने "मग पुढे काय होतं?" असं विचारलं तर जमलं. त्याने "अरे वा, छान विषय आहे" म्हटलं, तर पुन्हा लिहा.

आता यायचं कसं. वार आणि तारीख दोन्ही लिहा आणि कॅलेंडरवर जुळवून पाहा. 'शनिवार, २२ नोव्हेंबर' असं छापलं आणि २२ला रविवार निघाला, तर निम्मी माणसं एक दिवस आधी येऊन परत जातील. वेळ लिहिताना 'सायंकाळी ६' एवढ्यावर थांबू नका. 'तिसरी घंटा ६ वाजता, कालावधी १ तास ५० मिनिटं, दहा मिनिटांचं मध्यंतर धरून' असं लिहिलं की शेवटची बस पकडणारा आणि मुलांची शाळा असणारा, दोघांचाही निर्णय होतो. हॉलच्या नावासोबत जवळची ओळखीची खूण द्या. लिफ्ट नसेल आणि जिना चढायचा असेल, तर तेही सांगा. आजी-आजोबांना घेऊन येणाऱ्याला ते हवंच असतं. किती वर्षांच्या मुलाला तिकीट लागेल, अगदी लहान बाळाला आणावं की नाही, हे दारावर वाद घालण्यापेक्षा जाहिरातीत आलेलं बरं.

तिकिटाच्या पैशांत सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो फोनवरून पैसे पाठवण्यात. दोनशेच्या पटीत रकमा येत राहतात आणि कुणाचे किती हे कळत नाही. म्हणून जाहिरातीतच लिहा: 'पैसे पाठवल्यावर नाव आणि तिकिटांची संख्या याच क्रमांकावर कळवा. आमचं उत्तर आलं म्हणजे तिकीट पक्कं.' एका वहीत नाव, संख्या, रक्कम अशी नोंद एकाच माणसाने ठेवायची. दोघांनी दोन वह्या ठेवल्या की एकच खुर्ची दोनदा विकली जाते. खुर्च्यांना क्रमांक नसतील, तर 'आधी येईल त्याला आधी जागा' हे स्पष्ट हवं.

जाहिरात पाठवताना नुसतं चित्र पाठवू नका. चित्रातला फोन नंबर दाबून लावता येत नाही आणि बारीक अक्षरं वयस्कर डोळ्यांना दिसत नाहीत. चित्राखाली तोच मजकूर अक्षरांत द्या. महाराष्ट्राबाहेर असाल, तर खाली दोन ओळी तिथल्या भाषेतही टाका. मराठी घरातली सून कन्नड किंवा गुजराती असते, तिलाही गोष्ट कळली की घरातून दोनऐवजी चार तिकिटं जातात.

एक काळजी मात्र सगळ्यांच्या आधी घ्या. हॉलची पावती आणि लेखकाची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय तारीख जाहीर करू नका. महाराष्ट्रात संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही लागतं. एकदा फिरलेली तारीख परत घेता येत नाही. बदललेली जाहिरात पाठवली तरी जुनी कुठल्या तरी गटात फिरतच राहते.

हे सगळं जुळलं की साधारण तीन आठवडे आधी पहिली जाहिरात जाऊ द्या, आणि प्रयोगाच्या आठवड्यात बुधवारी किंवा गुरुवारी आठवण द्या. रविवारचे बेत घराघरांत तेव्हाच ठरतात. मधल्या दिवसांत फोनवर लोक काय विचारतात ते टिपून ठेवा. पाच जणांनी "किती वाजता सुटेल?" असं विचारलं, तर ती ओळख न देता आलेली ओळ तुमच्या जाहिरातीत राहून गेली आहे. दुसऱ्या जाहिरातीत ती घाला.

प्रयोग झाल्यावर वही उघडा आणि ज्यांना तुमच्यापैकी कुणीच ओळखत नाही अशी नावं मोजा. तीसच्या जवळ आली असतील, तर दुसऱ्या प्रयोगाचा हॉल पाहायला हरकत नाही.