वाड्यात विहीरच नाही

एखाद्याने तुम्हाला सांगितलं, ‘शेजारच्या वाड्यातली विहीर आटली.’ तुम्हाला ठाऊक आहे की विहीर पाण्याने भरलेली आहे. तुम्ही म्हणाल, ‘खोटं. आटलेली नाही.’ आता समजा, त्या वाड्यात विहीर कधी खणलीच गेली नव्हती. मग तुमचं उत्तर बदलेल. ‘अहो, त्या वाड्यात विहीरच नाही!’ आणि वाड्यात दोन विहिरी असल्या, तर तुम्ही विचाराल, ‘कुठली?’

तीनदा तेच वाक्य, तीन वेगळी उत्तरं. पहिलं उत्तर वाक्याला खोटं ठरवतं. उरलेली दोन वाक्याच्या पायालाच हात घालतात. त्या ‘विहीरच’मधला ‘च’ आणि ‘आटलेली नाही’मधला साधा नकार यांत जे अंतर आहे, त्यावर तत्त्वज्ञ आणि भाषाशास्त्रज्ञ शंभराहून अधिक वर्षं वाद घालत आहेत.

बर्ट्रंड रसेल यांनी 1905 साली ‘माइंड’ या नियतकालिकात लिहिलेल्या निबंधातलं उदाहरण जगभर पोचलं: ‘फ्रान्सचा सध्याचा राजा टकला आहे.’ फ्रान्समध्ये तेव्हा प्रजासत्ताक होतं, राजा नव्हता. रसेल यांचा पेच असा होता. जगातल्या सगळ्या टकल्या माणसांची यादी करा, त्यात हा राजा सापडणार नाही. टकल्या नसलेल्यांची यादी करा, त्यातही सापडणार नाही. पण एखादं विधान आणि त्याचा नकार यांपैकी एक तरी खरं असायलाच हवं. ऑस्ट्रियातले तत्त्वज्ञ माइनाँग यांचा मार्ग असा होता की अस्तित्वात नसलेल्या वस्तूही एका अर्थाने विचाराचे विषय असतात, त्यांना गुणधर्म असतात. रसेल यांना हे मान्य नव्हतं. नसलेल्या गोष्टींनी जग भरून टाकण्याऐवजी त्यांनी वाक्यच उसवलं.

त्यांचं म्हणणं असं, की ‘वाड्यातली विहीर’ हे शब्द एखाद्या वस्तूचं नाव नाहीत. ‘सगळे’, ‘काही’, ‘एकही नाही’ या शब्दांच्या जातकुळीतले ते आहेत. तर्कशास्त्रात त्यांना संख्यापक म्हणतात. ‘एकही माणूस आला नाही’ म्हणताना आपण ‘एकही माणूस’ नावाच्या कुणा इसमाबद्दल बोलत नसतो. तसंच इथेही. वाक्य उलगडलं की त्यात तीन दावे दिसतात: वाड्यात निदान एक विहीर आहे, एकाहून जास्त नाही, आणि जी आहे ती आटली आहे. विहीर नसेल तर पहिलाच दावा पडतो आणि सबंध वाक्य खोटं ठरतं. नसलेल्या विहिरीचं पुढे काय करायचं हा प्रश्नच उरत नाही. ‘विहीर आटलेली नाही’ या वाक्याचे मग दोन अर्थ होतात. ‘वाड्यात एकच विहीर आहे आणि ती आटलेली नाही’ हे खोटं. ‘वाड्यात एकच विहीर आहे आणि ती आटली आहे, असं नाही’ हे मात्र खरं. पेच सुटला, आणि फार देखणा सुटला.

रसेल यांच्या कित्येक शतकं आधी आपल्याकडच्या नैयायिकांनी अशीच उसवण केली होती. ‘सशाचं शिंग नाही’ हे वाक्य नसलेल्या शिंगाबद्दल कसं असेल? नैयायिक म्हणाले, ते शिंगाबद्दल नाहीच. ससा आहे, शिंग ही गोष्टही जगात आहे, आणि सशाच्या ठिकाणी शिंगाचा अभाव आहे, एवढंच ते सांगतं. मात्र नसलेल्या गोष्टीला पक्ष करून अनुमान करायला त्यांनी मनाई केली. अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त आकाशातल्या कमळाला सुगंध आहे असं सिद्ध करू पाहणारं उदाहरण येतं. त्या दोषाला ते आश्रयासिद्ध म्हणतात, म्हणजे ज्याला आधारच नाही असं. त्यांची हरकत अनुमानाच्या निष्कर्षावर नव्हती. ज्यावर ते उभं आहे ती वस्तूच नाही, ही होती. विहिरीच्या ‘च’शी याचं नातं मला फार जवळचं वाटतं.

1950 साली पी. एफ. स्ट्रॉसन यांनी ‘माइंड’मध्येच रसेल यांना उत्तर दिलं. विहीर आहे, आणि एकच आहे, हे बोलणारा ठासून सांगत नसतो. ते तो धरून चालतो. धरून चाललेलं चुकलं, तर वाक्य खरंही नसतं, खोटंही नसतं. खऱ्या-खोट्याचा प्रश्नच उठत नाही. याला पूर्वगृहीत म्हणतात. हा विचार रसेल यांच्याही आधी, 1892 साली, गोटलोब फ्रेग यांनी मांडला होता. त्यांचं उदाहरण केप्लरचं. ‘केप्लर हलाखीत मेला’ या वाक्यात केप्लर होऊन गेला हाही दावा असता, तर त्याचा नकार ‘केप्लर हलाखीत मेला नाही, किंवा केप्लर नावाचं कुणी नव्हतंच’ असा करावा लागला असता. तसा तो कुणी करत नाही.

ही कसोटी विहिरीला लावून बघा. ‘वाड्यातली विहीर आटली का?’ ‘वाड्यातली विहीर आटली असेल, तर टँकर मागवू.’ यांपैकी एकाही वाक्यात बोलणाऱ्याने आटल्याचा दावा केलेला नाही. तरी दोन्ही ऐकून तुम्ही समजून चालता की वाड्यात विहीर आहे. रसेल यांच्या हिशेबाने अस्तित्व आणि आटणं हे एकाच गाठोड्यातले दावे. मग ‘तर’ने एक दावा स्थगित झाला की दुसराही व्हायला हवा. तसं होत नाही.

पण मला सर्वांत निर्णायक वाटतं ते पॉल एल्बोर्न यांनी मांडलेलं उदाहरण. हान्स नावाच्या माणसाची समजूत आहे की आपल्या माळ्यावर भूत आहे. त्याची इच्छा आहे की माळ्यावरच्या भुताने आज रात्री गप्प बसावं. रसेल यांच्या पद्धतीने हे उलगडा. एक अर्थ निघतो तो असा: माळ्यावर एक भूत आहे, आणि हान्सला वाटतं की त्याने गप्प बसावं. हे खोटं, कारण भूत नाही. दुसरा असा: हान्सची इच्छा आहे की माळ्यावर एकच भूत असावं आणि त्याने गप्प बसावं. हेही खोटं. भूत असावं अशी बिचाऱ्याची मुळीच इच्छा नाही. ते नसतं तर त्याला सुखाची झोप लागली असती. मूळ वाक्य मात्र स्वच्छ खरं आहे. भूत आहे हे हान्स धरून चालला आहे, आणि इच्छा फक्त गप्प बसण्याची आहे. धरून चाललेलं आणि मागितलेलं इथे वेगळं पडतं, आणि रसेल यांच्या गाठोड्यात ते वेगळं ठेवायला जागा नाही.

मराठीला इंग्रजी ‘द’सारखं उपपद नाही, म्हणून हा प्रश्न आपला नाही असं कुणी म्हणेल. पण ‘अंगणात विहीर आहे’ आणि ‘विहीर अंगणात आहे’ ही वाक्यं शेजारी ठेवा. पहिल्यात विहीर ही नवी बातमी आहे. दुसऱ्यात ती आधीच धरलेली आहे, बातमी जागेची आहे. इंग्रजी जे एका शब्दाने करते, ते काम इथे क्रम करतो.

तरीही स्ट्रॉसन यांची बाजू निर्वेध नाही, आणि अडचण त्यांनी स्वतःच 1964 साली मांडली. ‘काल फ्रान्सच्या राजाने प्रदर्शनाला भेट दिली’ असं ऐकलं, तर आपण गोंधळत नाही. सरळ ‘खोटं’ म्हणतो. राजा तर इथेही नाही. स्ट्रॉसन म्हणाले, इथे बोलण्याचा विषय प्रदर्शन आहे, राजा नव्हे. 2004 साली काय फॉन फिंटेल यांनी आणखी नेमकं सांगितलं: पूर्वगृहीत दोन्हीकडे चुकलेलंच असतं, पण वाक्य फेटाळायला दुसरा स्वतंत्र आधार मिळाला की आपल्याला ते खोटं वाटतं. प्रदर्शनाला कोण कोण आलं हे राजाविषयी काहीही माहीत नसताना तपासता येतं. टकलाच्या बाबतीत तसं तपासायला काहीच नसतं.

वाड्यातही हेच घडेल. ‘काल गावात आलेला टँकर वाड्यातल्या विहिरीत रिकामा केला’ असं कुणी म्हटलं, तर दिवसभर टँकरसोबत असलेला ड्रायव्हर विहिरीचा विचारही न करता म्हणेल, ‘खोटं. टँकर शाळेच्या टाकीत रिकामा केला.’ त्या वाड्यात विहीरच नाही, हे त्याला कधी कळणारही नाही.