परत आलेल्या मालाचा हिशेब

विकलेला माल ग्राहकाने परत केला की विक्रेत्याच्या हिशेबात चार आकडे बदलतात. ग्राहकाकडून येणे असलेली रक्कम कमी होते, विक्री कमी होते, सरकारला भरायचा कर कमी होतो आणि गोदामातला साठा वाढतो. हे चारही बदल क्रेडिट नोट या एकाच कागदावरून होतात. मूळ बिल मात्र जसेच्या तसे राहते. त्या तारखेला विक्री खरोखर झाली होती आणि कराच्या विवरणपत्रात ती दाखवूनही झालेली असते, म्हणून बिलात खाडाखोड न करता त्याच्या विरुद्ध दिशेचा नवा कागद तयार केला जातो. व्यवहारात ग्राहकाच्या खात्यातली रक्कम तेवढी तत्परतेने कमी होते, कारण ग्राहक ती मागून घेतो. साठ्याची नोंद कोणी मागत नाही, म्हणून तीच सर्वांत जास्त वेळा राहून जाते.

पुण्यातील एका घाऊक व्यापाऱ्याने १२ मार्च २०२५ रोजी साताऱ्याच्या दुकानदाराला छताचे २० पंखे उधारीवर विकले, असे धरू. दर पंख्याला १,५०० रुपये, म्हणजे मालाची किंमत ३०,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी. खरेदीदार त्याच राज्यातला असल्याने केंद्राचा २,७०० आणि राज्याचा २,७०० रुपये. बिल झाले ३५,४०० रुपयांचे. ९ एप्रिलला दुकानदाराने चार पंखे परत पाठवले, कारण मागितला होता तो रंग आला नव्हता. पंखे चांगले आहेत, खोकीही शाबूत आहेत.

माल गोदामात उतरवून, मोजून आणि तपासून घेतल्यावरच क्रेडिट नोट काढावी. मालाबरोबर आलेल्या चलनावर पाच नग लिहिलेले आणि टेम्पोत चारच, असे होत असते. क्रेडिट नोटवर तिचा स्वतःचा अनुक्रमांक आणि तारीख, दोघांची नावे, पत्ते व जीएसटी क्रमांक, मूळ बिलाचा क्रमांक व तारीख, परत आलेल्या मालाची किंमत, कराचा दर आणि रक्कम असावी लागते. किंमत मूळ बिलातलीच धरायची, आजच्या भावपत्रकातली नाही. चार पंख्यांचे ६,००० रुपये आणि दोन्ही जीएसटी प्रत्येकी ५४०, म्हणून क्रेडिट नोट ७,०८० रुपयांची होते.

कराचा दरही मूळ बिलातलाच लागतो. पंख्यांच्या बाबतीत हे जाणवत नाही, पण स्टीलच्या घरगुती भांड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ऑगस्टमध्ये १२ टक्क्यांनी विकलेली भांडी ऑक्टोबरमध्ये परत आली तर क्रेडिट नोट १२ टक्क्यांचीच निघते. ती ५ टक्क्यांनी काढली, तर सरकारकडे जास्त भरलेला सात टक्के कर विक्रेत्याच्या गळ्यात राहतो.

वहीतली नोंद सोपी आहे. विक्री परत खाते ६,००० रुपयांनी नावे, केंद्रीय जीएसटी आणि राज्य जीएसटी ही देय कराची खाती प्रत्येकी ५४० रुपयांनी नावे, आणि दुकानदाराचे खाते ७,०८० रुपयांनी जमा. दुकानदाराकडून येणे आता २८,३२० रुपये उरले. विक्री परत खाते वेगळे ठेवण्याचा फायदा असा, की वर्षभरात किती माल परत आला हे एका नजरेत कळते. थेट विक्री खात्यातून वजा केले तरी नफा तोच येतो, पण ही माहिती हरवते.

साठ्याची नोंद करताना घोटाळा होतो तो भावात. बिलात पंखा १,५०० रुपयांना गेला, पण व्यापाऱ्याला तो १,२०० रुपयांना पडला होता. परत आलेला पंखा साठ्यात १,२०० रुपयांनाच धरायचा. म्हणजे विक्री ६,००० रुपयांनी घटली, साठा ४,८०० रुपयांनी वाढला आणि मधला १,२०० रुपयांचा नफा नाहीसा झाला. हे योग्यच आहे, कारण ती विक्री टिकलीच नाही. साठा विक्रीच्या भावाने धरला तर ६,००० वजा आणि ६,००० अधिक होऊन रद्द झालेल्या विक्रीचा नफा वहीत तसाच राहतो, आणि वर्षअखेरीस त्यावर प्राप्तिकरही भरला जातो. चारच पंखे असतील तर रक्कम किरकोळ, पण कपडे किंवा चपला विकणाऱ्या घाऊक दुकानात परतीचा माल मोठा असतो आणि तिथे ही चूक नफ्याचे चित्रच बदलून टाकते.

पंखे रंगामुळे नव्हे, तर मोटर आवाज करते म्हणून परत आले असते, तर १,२०० हा भावही चालला नसता. साठ्याचे मूल्य खरेदीची किंमत आणि विकून प्रत्यक्ष हाती येईल ती किंमत, यांपैकी कमी असेल त्याने करायचे असते. दुरुस्तीचा खर्च वजा जाता एका पंख्याचे ७०० रुपये येणार असतील, तर चार पंखे २,८०० रुपयांनाच साठ्यात येतील आणि २,००० रुपये तोटा म्हणून दाखवावे लागतील. पंखे कारखानदाराने परत घेतले तर ती व्यापाऱ्याची खरेदी परत ठरते. कारखानदार त्याला क्रेडिट नोट देतो, आणि खरेदीच्या वेळी घेतलेली कराची वजावट व्यापाऱ्याने ८६४ रुपयांनी कमी करायची. पंखे भंगारात काढून वहीतून कायमचे वजा केले, तरीही त्यांच्यावर घेतलेली वजावट सोडावी लागते. बिघडलेला माल कोपऱ्यात पडून राहिला म्हणून त्याचा प्रश्न मिटत नाही.

आता कर. दरमहा विवरणपत्र भरणारा व्यापारी ही क्रेडिट नोट एप्रिल महिन्याच्या `GSTR-1` मध्ये, मूळ बिलाच्या महिन्याला हात न लावता दाखवतो. एप्रिलमध्ये त्याची इतर विक्री २,००,००० रुपयांची असेल, तर तिच्यावरचा कर ३६,००० रुपये. त्यातून १,०८० वजा जाऊन `GSTR-3B` मधले देणे ३४,९२० रुपयांचे होते. विक्री मार्चची, म्हणजे २०२४-२५ या आर्थिक वर्षातली, आणि परत आली पुढच्या वर्षी. अशा क्रेडिट नोटमुळे कर कमी करून घ्यायला मुदत असते ती विक्रीचे आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यांत जे आधी येईल तोपर्यंत. या पंख्यांसाठी शेवटची तारीख ३० नोव्हेंबर २०२५. ती उलटल्यावर व्यापारी ग्राहकाला पैसे परत देऊ शकतो, पण ती क्रेडिट नोट कराविना असते आणि भरलेले १,०८० रुपये सरकारकडून वळते होत नाहीत. नोंदणीकृत दुकानदार असेल तर एक वाट उरते. तो परतीच्या मालाचे स्वतःचे विक्री बिल करून कर लावतो आणि मूळ व्यापारी त्याची वजावट घेतो.

दुसऱ्या टोकाला साताऱ्याचा दुकानदार आहे. त्याने खरेदीच्या वेळी ५,४०० रुपयांची वजावट घेतलेली असते. क्रेडिट नोट त्याच्या `GSTR-2B` मध्ये उतरते आणि त्याने १,०८० रुपये परत वळते करायचे असतात. दोन्ही बाजू अशा जुळल्या की सरकारकडे राहतो फक्त १६ पंख्यांवरचा कर, ४,३२० रुपये. दुकानदाराने वजावट सोडली नाही, तर विक्रेत्याला कर कमी करून मिळत नाही. २०२५ च्या वित्त कायद्याने कलम ३४ मध्ये ही अट स्पष्ट शब्दांत घातली आहे. पोर्टलवरच्या `Invoice Management System` मध्ये खरेदीदाराने क्रेडिट नोट नाकारली, तर तो कर विक्रेत्याच्या देण्यात पुन्हा मिळवला जातो. त्यामुळे कागद पाठवण्याआधी एक फोन करणे शहाणपणाचे. गिऱ्हाईक नोंदणीकृत नसेल तर वजावटीचा प्रश्नच येत नाही, मात्र मालाच्या किमतीबरोबर त्याच्याकडून घेतलेला करही त्याला परत द्यावा लागतो.

इथे एक गैरसमज वारंवार आढळतो. माल परत करताना दुकानदार स्वतःची डेबिट नोट पाठवतो आणि व्यापाऱ्याचा मुनीम तीच फाइलला लावून काम झाले असे समजतो. जीएसटीच्या हिशेबात तिला फक्त पत्राची किंमत आहे. विक्रेत्याने क्रेडिट नोट काढल्याशिवाय त्याचा कर कमी होत नाही.

टॅली प्राइममध्ये `Alt+F6` दाबून क्रेडिट नोट उघडते. तिथे मूळ बिलाचा क्रमांक आणि `01-Sales Return` हे कारण भरायचे आणि मालाचे नाव, नग व गोदाम निवडायचे. काही जण घाईत साधी जर्नल नोंद करतात किंवा मालाचे नाव न घालता नुसती रक्कम टाकतात. मग ग्राहकाचे येणे बरोबर दिसते, पण साठा वाढत नाही. ही चूक मोजणीच्या दिवशी उघड होते, कारण फळीवर वहीपेक्षा चार पंखे जास्त भरतात. नग घातले आणि पंखे गोदामात पोहोचलेच नाहीत तर उलट चित्र दिसते, वहीत जास्त आणि फळीवर कमी. त्या वेळी चोरीचा संशय घेण्याआधी परतीची चलने तपासावीत. कराची चूक अशी आपोआप समोर येत नाही. ती शोधायला विक्री परत खात्याची महिन्याची बेरीज `GSTR-1` मधल्या क्रेडिट नोटच्या बेरजेशी ताडून पाहावी लागते. ११ तारखेआधी, विवरणपत्र भरण्यापूर्वी, हे केले तर दुरुस्ती त्याच महिन्यात होते.

मूळ बिल, परतीचे चलन आणि क्रेडिट नोट हे तिन्ही कागद एकत्र टाचून ठेवावेत. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. एप्रिल २०२५ मधल्या या क्रेडिट नोटसाठी ही मुदत ३१ डिसेंबर २०३२ पर्यंत आहे.