अ‍ॅपच्या वर्णनातली खोगीरभरती

अ‍ॅप स्टोअरवर प्रत्येक अ‍ॅपचे एक पान असते. त्यावर नाव, आयकॉन, काही स्क्रीनशॉट आणि वर्णन असते. गुगल प्ले स्टोअरवर नावाला ३० अक्षरे मिळतात, छोट्या वर्णनाला ८० आणि पूर्ण वर्णनाला ४,०००. पूर्ण वर्णन मुडपलेले असते आणि ते वाचायला वेगळे बोट लावावे लागते. अ‍ॅपलच्या स्टोअरवरही सुरुवातीच्या काही ओळीच उघड्या दिसतात. त्यामुळे वर्णनाची तपासणी या उघड्या मजकुरापासून सुरू होते.

उदाहरणासाठी शेतमालाचे बाजारभाव दाखवणारे एक काल्पनिक अ‍ॅप घेऊ. त्याचे वर्णन असे सुरू होते : ‘शेतकरी बांधवांसाठी अत्याधुनिक तंत्रज्ञानावर आधारित क्रांतिकारी डिजिटल व्यासपीठ.’ ‘शेतकरी’च्या जागी ‘विद्यार्थी’ घातले, तर हेच वाक्य शिकवणीच्या अ‍ॅपलाही चालेल. दुसरीकडे नेऊन चिकटवता येणाऱ्या वाक्यात फायदा सांगितलेलाच नसतो. पुढच्या ओळीत ‘पुश नोटिफिकेशनची सुविधा’ आहे. ही सोय झाली, पण तिने कोणाचे कोणते काम होते ते कळत नाही. सुधारलेली सुरुवात अशी होईल : ‘गाडी भरण्याआधी लासलगाव आणि पिंपळगावचे कांद्याचे भाव शेजारीशेजारी पाहा. तुम्ही ठरवलेला भाव आला की फोनवर सूचना मिळेल.’ यात वापरणारा कोण, तो अ‍ॅप केव्हा उघडणार आणि त्याच्या हाती काय लागणार, हे तिन्ही आले.

वर्णनाच्या तळाशी मात्र वेगळाच प्रकार सापडतो : ‘कांदा भाव, आजचा कांदा भाव, कांदा बाजारभाव, लासलगाव कांदा भाव, कांदा रेट टुडे...’ शोधात अ‍ॅप वर यावे म्हणून केलेली ही कीवर्डची खोगीरभरती. गुगल प्लेवर पूर्ण वर्णनातले शब्द शोधाला उपयोगी पडतात, त्यामुळे हा मोह होतो. परंतु असंबद्ध किंवा अतिरेकी शब्दांची भरती गुगलच्या धोरणात निषिद्ध आहे. अ‍ॅपलने शोधशब्दांसाठी वापरणाऱ्याला न दिसणारी १०० अक्षरांची स्वतंत्र जागा ठेवली आहे, तेव्हा तिथे वर्णनात शब्द कोंबून वाचकाला पिटाळण्यापलीकडे काही साधत नाही. लोकप्रिय प्रतिस्पर्धी अ‍ॅपची नावे घुसवणे दोन्हीकडे अंगाशी येऊ शकते.

एखादा शब्द किती वेळा आला की भरती म्हणायची? याची टक्केवारी सांगणारे पुष्कळ असतात, पण गुगलच्या धोरणात तसा आकडा नाही. कांद्याच्या भावाच्या अ‍ॅपमध्ये ‘कांदा’ येणारच. खरी कसोटी वगळण्याची आहे. ओळ काढून टाकल्यावर माहितीत काहीच कमी झाले नाही, तर ती फक्त शोधयंत्रासाठी होती. याच कसोटीवर ‘लासलगाव, पिंपळगाव, सोलापूर’ ही यादी टिकू शकते, कारण त्या बाजार समित्यांचे भाव अ‍ॅपमध्ये खरोखर असतील तर वाचकाला ते कळायला हवे. ती वाक्यात आली म्हणजे झाले.

सर्वांत किचकट काम स्क्रीनशॉटशी ताळा घालण्याचे आहे. वर्णन एकाने लिहिलेले असते, चित्रांवरचे मथळे दुसऱ्याने, आणि अ‍ॅप दोघांनाही मागे टाकून बदललेले असते. त्यासाठी कागदावर तीन रकाने आखावेत : वर्णनातला दावा, चित्रावरचा मथळा आणि चित्रातल्या पडद्यावर प्रत्यक्ष दिसणारा मजकूर. तिसरा रकाना हमखास विसरला जातो. आपल्या अ‍ॅपमध्ये वर्णन म्हणते, ‘राज्यातील सर्व बाजार समित्या’. मथळा म्हणतो, ‘५० बाजार समित्या’. मथळ्यात ‘आत्ताचे भाव’ आहेत, पण पडद्यावर गेल्या वर्षीची तारीख आहे. वर्णनात भाव क्विंटलचा आहे, पडद्यावर किलोचा. वर्णन ‘पूर्णपणे मोफत’ म्हणते आणि भावाच्या सूचनेच्या बटणाशेजारी बारीक कुलूप दिसते, म्हणजे ती सोय पैसे भरल्यावर मिळते. ही शेवटची विसंगती सर्वांत महागात पडते. चित्रात दाखवलेल्या गोष्टीसाठी वेगळे पैसे लागत असतील तर तसे स्पष्ट सांगावे, असा अ‍ॅपलचा नियमच आहे. न सांगितल्यास आवृत्ती नाकारली जाऊ शकते, आणि ती सुटली तरी ‘फसवणूक’ असे अभिप्राय येऊ लागतात.

विसंगती सापडली की कोणती बाजू खरी हे अ‍ॅप उघडूनच ठरवावे लागते. वर्णन आणि चित्र दोन्ही जुनी असू शकतात. मराठी आणि इंग्रजी पाने वेगळी असतील तर ताळाही वेगवेगळा घालावा, कारण मराठी वर्णनाखाली इंग्रजी पडद्याची चित्रे तशीच राहून गेलेली असतात. गुगल प्लेवर दुरुस्त मजकूर केव्हाही पाठवता येतो, तो परीक्षणानंतर दिसू लागतो. अ‍ॅपलकडे वर्णन आणि स्क्रीनशॉट बदलायला साधारणपणे अ‍ॅपची नवी आवृत्ती लागते, म्हणून तिथली तपासणी आवृत्ती पाठवण्याआधीच उरकावी लागते.