गल्ला जुळतो, माल जुळत नाही

सुपरमार्केटमध्ये रात्री हिशेब करताना कॅशियरच्या ड्रॉवरमधली रोकड मोजतात आणि ती संगणकाने दाखवलेल्या रकमेशी ताडून पाहतात. रुपयाचाही फरक नसला की सगळे निर्धास्त घरी जातात. पण खोट्या रिटर्नमधून गेलेला पैसा या मोजणीत कधीच दिसत नाही.

त्याची रीत अगदी साधी आहे. गिऱ्हाईक रोख देऊन सामान घेतं आणि बिल काउंटरवरच टाकून निघून जातं. थोड्या वेळाने कॅशियर त्याच बिल क्रमांकावर ‘माल परत आला’ अशी नोंद करतो आणि तेवढी रोकड खिशात घालतो. विक्रीतून रिटर्न वजा झाल्यामुळे ड्रॉवरमध्ये जेवढे पैसे असायला हवेत तेवढेच असतात. संगणकातल्या साठ्यात मात्र तेलाची पिशवी परत जमा झालेली असते आणि ती फळीवर नसते. ही तूट सापडते ती स्टॉक मोजताना, म्हणजे महिन्या-दोन महिन्यांनी. तोवर ती कोणत्या काउंटरवरून आली हे सांगणं कठीण होऊन बसतं.

म्हणून रोजच्या बिलिंगच्या नोंदींतूनच हे हुडकावं लागतं. खोट्या रिटर्नला दोन गोष्टी लागतात, ठरावीक माणूस आणि सोयीची वेळ. त्यामुळे असे रिटर्न दिवसभर विखुरत नाहीत, एका जागी साठतात.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी मांडलेले आहेत. सकाळी 9 ते रात्री 10 चालणारं, सहा कॅशियरचं एक दुकान. 28 दिवसांत 15,000 बिलं झाली आणि 150 रिटर्न आले, म्हणजे शंभर बिलांमागे एक. दिवसाला जेमतेम पाच रिटर्न पडतात आणि पाचांतून काहीच ठरवता येत नाही. त्यामुळे तपासणी रोज करायची, पण प्रत्येक वेळी मागचे 28 दिवस धरून. महिना न घेता बरोबर चार आठवडे घेतले की रविवारची गर्दी दर वेळी सारखीच मोजली जाते.

सगळ्यात आधी नजरेत भरतो कॅशियर क्रमांक 2. बिलं 2,500, रिटर्न 48. सरासरीने 25 अपेक्षित होते, म्हणजे जवळपास दुप्पट. पुष्कळ दुकानांत चौकशी इथेच सुरू होते आणि एका निरपराध माणसाला केबिनमध्ये बोलावणं जातं. नोंदी उघडल्या तर चित्र वेगळं निघतं. त्याचं काउंटर दाराजवळ आहे, माल बदलायला येणारा प्रत्येक जण तिथेच थांबतो. परत आलेल्या मालाची मूळ बिलं तीन-चार दिवसांपूर्वीची, बहुतेक दुसऱ्याच काउंटरवर झालेली आणि गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर असलेली आहेत. रिटर्न दिवसभर पसरलेले आहेत. त्याच्या वाट्याला कामच ते आलेलं आहे.

क्रमांक 5 कडे कुणाचं लक्ष जात नाही. बिलं 2,600, रिटर्न 24, म्हणजे सरासरीपेक्षा थोडे कमीच. पण तास लावून पाहिलं की त्या 24 पैकी 9 रिटर्न रात्री 9 ते 10 या एकाच तासातले निघतात. त्या तासात इतर पाच जणांनी मिळून 1,200 बिलं केली आणि त्यांवर 8 रिटर्न आले. क्रमांक 5 ची बिलं 300. इतरांच्या दराने त्याचे 2 रिटर्न व्हायला हवे होते, झाले 9. तुलनेच्या दरातून त्याचे स्वतःचे रिटर्न मुद्दाम वगळले आहेत, नाहीतर त्याच्याच नऊ रिटर्ननी तो दर फुगला असता आणि फरक लपला असता.

दोनाच्या अपेक्षेवर नऊ निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता एक्सेलमध्ये एका ओळीत काढता येते:

```
=1-POISSON.DIST(8,2,TRUE)
```

उत्तर साधारण 0.00024 येतं, म्हणजे दहा हजारांत दोन-तीन वेळा. हा आकडा वाचताना एक भान हवं. सहा कॅशियर आणि तेरा तास मिळून आपण 78 चौकटी तपासतो आहोत. शंभरात एक इतकी सैल मर्यादा ठेवली तर सगळे प्रामाणिक असतानाही दर खेपेला एखादी चौकट लाल होण्याची बरीच शक्यता असते. हजारात एक अशी मर्यादा मला योग्य वाटते. रिटर्न दोनच असतील तर आकडा कितीही भयंकर दिसो, चौकट सोडून द्यावी.

लाल झालेल्या चौकटीवर आधी नोंदींविषयीच शंका घ्यायची. सर्व्हरची वेळ ग्रीनिचची असेल तर ती साडेपाच तास मागे असते आणि रात्री साडेनऊचा रिटर्न दुपारी चारचा दिसतो. इंटरनेट गेलं की अडकलेली बिलं नंतर एकदम चढतात आणि सगळी एकाच मिनिटावर येतात. काही ठिकाणी रिटर्न वेगळा न नोंदवता नव्या बिलात उणे नगाने टाकतात, ते मोजणीतून निसटतात. आणि पासवर्ड सगळ्यांना ठाऊक असेल तर ‘क्रमांक 5’ म्हणजे नेमकं कोण, हे हजेरीपत्रकच सांगेल. मॅनेजर रात्री नऊला मंजुरी द्यायला बसतात आणि दिवसभराचे रिटर्न तेव्हाच होतात, असंही असू शकतं. पण मग बाकीच्या काउंटरवरही त्या तासात रिटर्न वाढलेले दिसले असते, आणि ते इथे दिसत नाहीत.

यानंतर ते नऊ रिटर्न एकेक करून वाचायचे. त्यांतले सात रोखीचे आहेत. यूपीआयने आलेले पैसे रीतसर रिफंड केले की गिऱ्हाइकाच्याच खात्यात जातात, खिशात घालता येतात त्या फक्त नोटा. सातही मूळ बिलं त्याच काउंटरची, त्याच संध्याकाळची, रिटर्नच्या दहा ते पंचवीस मिनिटं आधीची आहेत. रकमा 420, 455, 480, 490 अशा. पाचशेच्या वर मॅनेजरची मंजुरी लागते आणि एकही रक्कम त्यापलीकडे जात नाही. मोबाइल नंबर एकाही बिलावर नाही.

तरीही हा पुरावा नव्हे, आणि इथे थांबून कुणाला चोर म्हणणं हा अन्याय आहे. त्याच दिवशी दोन गोष्टी बघता येतात. परत आल्याची नोंद असलेला माल फळीवर आहे का हे मोजायचं, आणि रिटर्नच्या मिनिटाला काउंटरसमोर गिऱ्हाईक उभं होतं का हे कॅमेऱ्यात पाहायचं. ठरावीक दिवसांनी जुन्या चित्रणावर नवं चढतं, म्हणूनच तपासणी रोजची हवी. गिऱ्हाईक दिसलं आणि माल सापडला, तर ती चौकट कारणासह बंद करावी आणि ते कारण लिहून ठेवावं. कॅशियरलाही ते दाखवायला हरकत नसावी.

या पद्धतीला मर्यादा आहेत. ती एकाची तुलना इतरांशी करते, त्यामुळे रात्रपाळीतले सगळेच सामील असतील तर काहीच उठून दिसणार नाही. आणि रिटर्नवर लक्ष आहे हे कळलं की तोच माणूस दुसरी वाट धरतो. गिऱ्हाइकासमोर माल स्कॅन करायचा, रक्कम सांगून पैसे घ्यायचे आणि बिल पूर्ण न करता रद्द करायचं. अशा बिलाचा रिटर्न कधी होतच नाही. रद्द केलेली बिलं, बिलातून काढलेल्या ओळी आणि विक्रीशिवाय उघडलेला ड्रॉवर यांच्या नोंदी सिस्टिममध्ये बहुधा असतात, पण रोजच्या अहवालात त्या घेतलेल्या नसतात. त्या मागून घ्याव्यात आणि याच 78 चौकटींत, याच पद्धतीने मोजाव्यात.