दहा जणांची बेचाळीस मिनिटं

4 ऑगस्ट 2024, पॅरिस. ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं. हिरव्या कार्डाला दोन मिनिटं बाहेर बसावं लागतं, पिवळ्याला किमान पाच. लाल म्हणजे सामनाच संपला. बदली खेळाडू मिळत नाही, म्हणून उरलेली बेचाळीसहून अधिक मिनिटं भारत दहा जणांनिशी खेळला.

खरा घाव पेनल्टी कॉर्नरवर बसला. बचाव करणाऱ्यानं ‘डी’मध्ये साधा फाउल केला, तरी तो मिळतो. गोलखांबापासून दहा मीटरवर, मागच्या रेषेवरून चेंडू आत ढकलतात. तो ‘डी’बाहेर जाऊन परत आत आल्यावरच गोलवर मारता येतो. गोलकीपर धरून पाचच जण बचावाला, बाकीचे मध्यरेषेपलीकडे. चेंडू हलताच त्यातला एक जण थेट फटका मारणाऱ्याच्या अंगावर धावतो. नव्या प्रेक्षकानं चेंडूऐवजी त्याच्याकडे पाहावं. ते जिवावरचं काम रोहिदासचं होतं!

तरीही बाविसाव्या मिनिटाला हरमनप्रीतनं पेनल्टी कॉर्नरवरच गोल केला. सामना 1-1 सुटला आणि शूटआउटमध्ये भारत जिंकला. उपांत्य सामन्यात मात्र रोहिदासवर बंदी होती.