विश्लेषण : तेजीत शेअर कधीपर्यंत धरावा? केल्टनर चॅनेल आणि बोलिंजर बँड वेगळे उत्तर का देतात?

शेअरचा भाव वरच्या पट्टीला टेकला की नफा खिशात घालायचा, असे अनेक नवे ट्रेडर मानतात. खऱ्या तेजीत मात्र भाव वरच्या पट्टीला धरूनच कित्येक दिवस चढत राहतो आणि लवकर विकणारा मागे राहतो. अशा वेळी तेजी टिकून आहे की नाही, हे चार्टवरील कोणती पट्टी अधिक स्पष्ट सांगते?

दोन्ही पट्ट्या कशा तयार होतात?

दोन्हींच्या मधोमध सरासरी भावाची रेषा असते. फरक आहे तो रुंदी मोजण्यात. जॉन बोलिंजर यांनी १९८०च्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीत २० दिवसांची साधी सरासरी घेतात. बंद भाव त्या सरासरीपासून किती विखुरले आहेत, म्हणजेच त्यांचे प्रमाण विचलन काढतात आणि त्याच्या दुप्पट अंतरावर वर-खाली रेषा आखतात.

चेस्टर केल्टनर यांनी १९६० मध्ये मांडलेले चॅनेल साध्या सरासरीवर होते. पुढे लिंडा रॅश्के यांनी त्यात ताज्या भावाला जास्त वजन देणारी घातांकी सरासरी (ईएमए) आणि ‘एटीआर’ आणले. एटीआर म्हणजे भाव दिवसाला सरासरी किती हलतो याचे माप. आदल्या दिवशीच्या बंद भावापासून पडलेली गॅपही त्यात धरली जाते. ईएमएपासून दोन एटीआर वर आणि दोन एटीआर खाली, ही प्रचलित रचना.

तेजीत फरक कसा पडतो?

एक काल्पनिक शेअर पाहू. तो ५०० रुपयांच्या आसपास रेंगाळतो आहे. दिवसातील हालचाल १० रुपये, म्हणून एटीआर १०. केल्टनर चॅनेल ४८० ते ५२०. बंद भावांचे विचलन ४ रुपये धरले, तर बोलिंजर बँड ४९२ ते ५०८.

आता शेअर रोज ५ रुपयांनी वर बंद होऊ लागला. दिवसातील हालचाल मात्र १० रुपयेच राहिली. बोलिंजरची वरची रेषा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच तुटते. केल्टनरची सहाव्या दिवशी, ५३० रुपयांना. इथे बोलिंजर चपळ ठरतो.

विसाव्या दिवशी भाव ६०० रुपये होतो, तेव्हा चित्र उलटते. भाव सतत एकाच दिशेने गेल्याने जुने आणि नवे बंद भाव सरासरीपासून लांब पडतात. विचलन ४ वरून सुमारे २९ वर जाते. बँड फुगून ४९५ ते ६१० होतो. तेजीचा वेग तसूभरही कमी झालेला नसताना, बाराव्या दिवसाच्या सुमारास भाव बँडच्या आत आलेला असतो. बघणाऱ्याला वाटते, तेजी थकली. शिवाय १०० रुपयांची तेजी होऊनही खालची रेषा जेमतेम ४९५ वर, म्हणजे स्टॉपलॉस म्हणून निरुपयोगी.

एटीआरला दिशेशी देणेघेणे नाही. तो १०च राहतो. त्यामुळे केल्टनर चॅनेल तेवढ्याच रुंदीने वर सरकते आणि ५३९ ते ५७९ वर येते. भाव अजून वरच्या रेषेच्या २१ रुपये वर असतो.

बाहेर कधी पडायचे?

समजा, भाव आता रोज ५ रुपयांनी उतरू लागला. तिसऱ्या दिवशी तो ५८५ वर बंद होतो आणि केल्टनरच्या वरच्या रेषेच्या आत येतो. हा पहिला इशारा. मधल्या ईएमएखाली तो सातव्या दिवशी, ५६५ वर बंद होतो. ५३० ला घेतलेल्याला पहिल्या इशाऱ्यावर ५५ रुपये मिळतात, दुसऱ्याची वाट पाहिली तर ३५. थांबण्याची ही किंमत आहे. पण किरकोळ घसरणीत शेअर हातचा जात नाही, हा तिचा मोबदला.

मर्यादा काय?

केल्टनर चॅनेल उशिरा जागे होते. छोट्या तेजीत ते घ्यायला सांगेपर्यंत चाल संपलेली असते. आडव्या बाजारात भाव वरच्या रेषेबाहेर जाऊन लगेच परततो आणि लहान तोटे साचत जातात. ईएमएची रेषा सपाट असेल, तर वरची रेषा तुटली तरी त्या इशाऱ्यावर भरवसा ठेवणे धोक्याचे. निकालाच्या दिवशी मोठी गॅप पडली तर एटीआर वाढून चॅनेलही काही दिवस रुंदावते.

अ‍ॅपमधील सेटिंगही तपासावी. काही ठिकाणी एटीआर १० दिवसांचा, काही ठिकाणी २० दिवसांचा असतो. त्यामुळे एकाच शेअरच्या रेषा दोन अ‍ॅपवर वेगळ्या दिसू शकतात.

(हा लेख माहितीसाठी आहे, गुंतवणुकीचा सल्ला नाही.)